सुभेदारणीचं पोट

मांजर पाळायचं हे सकवारबाईंनी ठरवलं नव्हतं, मांजरानंच ठरवलं होतं. जयनगरात तेव्हा दर चार घरांमागे एक मोकळा माळ होता आणि माळापलीकडे नाचणीची शेतं. पीक निघालं की शेतातले उंदीर सरळ स्वयंपाकघराकडे निघत. पहिल्याच वर्षी त्यांनी तांदळाचं पोतं कुरतडलं आणि दुसऱ्या वर्षी सकवारबाईंची लग्नातली पैठणी. तिसऱ्या वर्षी एक भुरी मांजरी मागच्या दारानं आत आली, कोठीच्या खोलीत एक फेरी मारून तोंडात उंदीर धरून बाहेर पडली, आणि जाताना सकवारबाईंकडे असं बघून गेली की जणू शेतसारा तिलाच द्यायचा आहे. सकवारबाईंनी तिचं नाव ठेवलं सुभेदारीण. आपल्या सासरच्या चार पिढ्या म्हैसूरच्या घोडदळात गेल्या हे त्या भाजीवालीलाही सांगत, तेव्हा मांजराला याहून खालचं नाव शोभलं नसतं.

सुभेदारीण राहिली ती मात्र सुनेची होऊन. वसुमती म्हैसूरकडची, बोलायला कमी. दुपारी मागच्या पायरीवर ती तांदूळ निवडायला बसली की मांजरी कुठूनशी यायची, तिच्या पदराला गाल घासायची, आणि धपकन अंग टाकून उताणी व्हायची. चारी पाय वर, पांढरं पोट उन्हाला. वसुमती तिच्याशी हळूच काहीतरी बोलायची, कानामागं खाजवायची. पोटाला हात लावत नसे. का लावत नाही हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

वसुमतीला सातवा महिना होता. पहिलं पाचव्यातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला सकवारबाईंनी घराची छावणी केली होती. सून कुठल्या कुशीवर झोपते, काय खाते, पायरी कशी उतरते, सगळ्यावर त्यांचा पहारा. मुलगा सयाजी कारखान्याच्या बसनं पहाटे जायचा आणि चारला परत यायचा. मधला सगळा वेळ राज्य सकवारबाईंचं.

त्या मंगळवारी दुपारी सकवारबाई पायरीवर सुनेच्या मागं उभ्या होत्या, आणि सुभेदारणीनं नेहमीसारखी लोळण घेतली. सकवारबाईंना एकदम आपलं माहेर आठवलं. होसकोट्याकडच्या त्यांच्या घरात एक रीत होती. पोटुशी बाईपुढे मांजरी उताणी पडली, तर बाईनं तिच्या पोटावरून तीनदा हात फिरवायचा. मांजरी कशी कोपऱ्यात जाऊन, कुणाला हाक न मारता मोकळी होते, तशीच मग बाई मोकळी होते. सकवारबाईंच्या स्वतःच्या तीन बाळंतपणांत एकाही मांजरीनं त्यांच्यापुढं लोळण घेतली नव्हती, पण म्हणून रीत खोटी होत नाही.

त्यांनी सुनेला सांगितलं, हात फिरव. वसुमती म्हणाली, तिला आवडत नाही तिथं. सकवारबाईंनी विचारलं, मांजरीच्या आवडीनिवडी तुला कधीपासून कळायला लागल्या, आणि आवडत नसतं तर एवढं उघडं करून पडली असती का? तिनं हात पुढं केला.

एकदा फिरवला. मांजरीच्या शेपटीचं टोक जमिनीवर टपटप आपटलं. दुसऱ्यांदा फिरवला. मांजरीचे कान बाजूला वळले आणि पाठीवरची कातडी थरथरली. वसुमती थांबली. मागून सकवारबाई म्हणाल्या, तीनदा, वसू, अर्धी रीत करू नये.

तिसऱ्यांदा हात पोटाला लागला न लागला तोच मांजरीनं दोन्ही पुढच्या पंजांनी मनगट मिठीत धरलं, दात रोवले, आणि मागच्या दोन्ही पायांनी हातावर खसाखसा लाथा मारल्या. वसुमतीनं हात ओढला, तशी नखं आणखी रुतली. सकवारबाईंनी हातातला तांब्या फेकला. मांजरी न्हाणीघरात पळाली आणि सकवारबाईंनी बाहेरून कडी लावली.

मनगटाच्या वरच्या बाजूला दाताचे चार ठिपके होते, आणि कोपरापर्यंत लाल रेघा. रक्त फार नव्हतं. सुनेनं हात पदरात धरला आणि नुसती बघत राहिली. पण सकवारबाईंना तो हात वसुमतीचा दिसेना. त्यांना येसाजीची चावलेली पोटरी दिसायला लागली.

येसाजी त्यांचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं झाली असतील. तिन्हीसांजेला कुत्रं चावलं, एवढीशी जखम, आठ दिवसांत भरलीसुद्धा. सगळे विसरले. दीड महिन्यानं त्यानं पाणी मागितलं आणि भांडं तोंडाशी नेताच त्याचा गळा आवळला. मग पाण्याचा आवाज आला तरी तो भिंतीत शिरायला बघायचा. त्याला गोठ्यात कोंडलं, आणि चौथ्या दिवशी तो तिथंच मेला. त्याची नवी नवरी दाराशी उभी होती आणि तिला कुणी आत जाऊ देत नव्हतं. सकवारबाई तेव्हा परकरातल्या पोरीएवढ्या. दार अडवायला त्यांना बसवलं होतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती. आता मात्र त्या घाबरल्या, आणि घाबरल्या की त्या नेहमी करत तेच त्यांनी केलं, म्हणजे हुकूम सोडायला लागल्या. तिखट आण, लिंबू आण. जखमेवर तिखट चोळलं, तेव्हा वसुमतीनं दातावर दात दाबले आणि डोळ्यांतून पाणी काढलं, पण ओरडली नाही. त्या न ओरडण्यानं सकवारबाई जास्तच घाबरल्या.

चारला सयाजी आला आणि पंधरा मिनिटांत घोड्याचा जटका बोलावून तिघं डॉक्टर रत्नाबाईंच्या दवाखान्यात पोचली. रत्नाबाई बाळंतपणं करत, वसुमतीचं नाव त्यांच्याकडंच होतं. त्यांनी आधी तिखट धुऊन काढलं, आणि धुता धुता सकवारबाईंना दोन शब्द सुनावले. साबणानं, वाहत्या पाण्याखाली, घड्याळाचा मोठा काटा पाव फेरा जाईपर्यंत त्या धूतच राहिल्या. चावा बोटावर नाही, तोंडावर नाही, खोलही नाही, हे चांगलं, असं म्हणाल्या. मग हात पुसत त्यांनी वसुमतीकडं बघून विचारलं,

“मांजर आपणहून चावलं, की तू त्याला काही केलंस?”

आता, त्या घरची अशी पद्धत होती की डॉक्टरांनी सुनेला काही विचारलं तर उत्तर सासूनं द्यायचं. भूक लागते का, झोप येते का, पोटात बाळ हलतं का, सगळ्याची उत्तरं सकवारबाई देत. मागं एकदा रत्नाबाईंनी हसून म्हटलं होतं, की अहो, बाळ तिच्या पोटात आहे. तरी पद्धत मोडली नव्हती. तेव्हा आजही प्रश्न पुरा व्हायच्या आत सकवारबाईंचं तोंड उघडलं होतं. आणि उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खरं सांगायचं तर माहेरची रीत सांगावी लागेल. हात फिरव कुणी म्हटलं, ती थांबली असताना तीनदा कर कुणी म्हटलं, हे सगळं मुलासमोर, या शिकलेल्या बाईसमोर.

“तिनं काही केलं नाही,” त्या म्हणाल्या. “बसल्या जागी झडप घातली मेलीनं.”

वसुमतीनं मान वर केली, सासूकडं पाहिलं, आणि परत खाली घातली.

रत्नाबाईंचा चेहरा बदलला. त्या सावकाश बोलायला लागल्या, आणि सावकाश बोलणारे डॉक्टर सकवारबाईंना मुळीच आवडत नसत. कुणी छेड न काढता जनावर अंगावर येतं, ते पिसाळण्याचं लक्षण धरतात, त्या म्हणाल्या. तसं असेल तर वाट बघून चालायचं नाही. उद्या सकाळी दहाला मोठ्या सरकारी दवाखान्यात पहिली सुई, आणि मग रोज एक. चौदा. पोटाच्या कातडीत.

सयाजीनं विचारलं, सातव्या महिन्यात पोटात सुया? त्या म्हणाल्या, पोटुशी आहे म्हणून थांबता येत नाही, कारण हा रोग एकदा दिसला की त्याला औषध नाही, आई जाते आणि बाळही. कडेला, बाळापासून लांब देतील. पण ते औषध मेंढीच्या मेंदूपासून करतात, आणि क्वचित कुणाचे हातपाय त्यानं लुळे पडतात. म्हणून उगीच कुणी देत नाही. लागलं तरच देतात. “तुमच्या आई म्हणतात तसं असेल, तर लागणार.”

शेवटी त्यांनी बजावलं, मांजराला मारू नका, सोडू नका, कोंडून ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

जटक्यातून येताना वसुमतीनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते, एक हात पट्टीतला. सकवारबाई बाहेर बघत होत्या, पण त्यांना रस्ता दिसत नव्हता. चौदा सुया. लुळे पाय. आणि सुया न दिल्या, तर येसाजी. आपण बोललो ते खोटं की खरं, याचा आता काही उपयोग आहे का? बिनसुयांची राहिली आणि मांजरी खरंच पिसाळलेली निघाली, तर? म्हणजे सुया देतात तेच बरं नव्हे का? त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली, आणि घरी पोचेपर्यंत ती समजूत पुरलीसुद्धा.

संध्याकाळी त्यांनी न्हाणीघराच्या दाराची सैल फळी किंचित सारून आत वाटीभर पाणी सरकवलं आणि फटीला डोळा लावून बसल्या. मांजरीनं पाण्याकडं पाहिलं, वास घेतला, आणि तोंड फिरवलं.

सकवारबाईंनी वाटी आणखी आत ढकलली. त्या बसून राहिल्या. मांजरी दाराशी आली, फटीतून त्यांच्याकडं बघितलं, फळीला गाल घासला, आणि धपकन उताणी पडून या कुशीवरून त्या कुशीवर लोळायला लागली. दुपारी हेच लोळणं त्यांना रीत वाटलं होतं. आता त्यांना दिसलं ते अंगात शिरलेलं काहीतरी, जे मांजरीला धरून आपटतं आहे. त्यांनी फळी घट्ट लावली आणि वर पाट टेकवला.

सकाळी कारखान्याला खाडा करून सयाजी सायकलवर जनावरांच्या दवाखान्यात गेला आणि आठ वाजता डॉक्टर शिवाप्पांना घेऊन आला. शिवाप्पा हे पन्नाशीचे, जाडजूड, खाकी चड्डीतले गृहस्थ. मांजर टोपलीत घालून आणा असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. टोपलीतून आणलेलं मांजर भेदरलेलं असतं आणि भेदरलेलं मांजर काही खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्वतः आले होते. बोलणं सगळं कानडीत चाललं, पण सकवारबाईंची कानडी त्यांच्या मराठीइतकीच धारदार होती.

ते येताच सकवारबाईंनी सांगितलं, की मांजरी पाणी पीत नाही, लोळते, काल बसल्या जागी अंगावर आली, म्हणून तांब्या फेकून मारला आणि कोंडली. शिवाप्पांनी पाट काढला, फटीतून बराच वेळ पाहिलं. मांजरं मुळात पाणी कमीच पितात अम्मा, म्हणाले, आणि न्हाणीघराच्या मोरीत पाणी साचलंय, तुमची वाटी तिला कशाला हवी. पिसाळलेलं मांजर अंधारात दडतं, हाक मारली की सरळ तोंडावर येतं, आवाज घोगरा होतो, लाळ गळते, मागचे पाय ओढत चालतं, आणि चार-पाच दिवसांत मरतं. यातलं मला अजून काही दिसत नाही. पण आज दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही.

मग त्यांनी विचारलं, ही कुणाची? घरात सगळ्यात जवळची कुणाची?

सयाजीनं बायकोकडं बोट केलं. शिवाप्पांनी वसुमतीला न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसवलं, स्वतः आत शिरून चामड्याचे जाड हातमोजे चढवले, दार अर्धं ओढलं, आणि म्हणाले, रोज बोलतेस तसं बोल तिच्याशी. खोटं गोड नको, रोजचं.

सकवारबाई सुनेच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांचा हात सुनेच्या खांद्यावर होता, आणि तो तिला मागं ओढायला तयार होता. वसुमती हळूच म्हणाली, “काय गं सुभेदारीण, जेवलीस का?”

पाणी तापवायच्या चुलीमागून मांजरी आली. शेपटी उभी, टोकाला बाक. शिवाप्पांच्या बुटाला तिनं वळसा घातला, वसुमतीपासून हातभर अंतरावर थांबली, दारूच्या नशेत पडावं तशी एका कुशीवर कोसळली आणि उताणी झाली.

“बघा,” शिवाप्पा म्हणाले. “कालपासून कोंडलंय, तांब्या फेकून मारलंय, तरी हिच्यापुढं पोट उघडं केलं. या पोटावर एक हाड नाही. सगळं मऊ, सगळं जिवाचं. शत्रू दिसला तर मांजर हेच आधी लपवतं. ती तुम्हाला सांगते, मी तुझ्याजवळ बिनघोर आहे. एवढंच सांगते. हात लाव असं नाही सांगत.”

त्यांनी मोज्यातलं बोट तिच्या गालाजवळ नेलं. तिनं गाल घासला, डोळे मिटले. मग तो हात त्यांनी पोटावर ठेवला आणि एकदा फिरवला. शेपटीचं टोक जमिनीवर आपटलं.

“दिसतं ना, टोक?” ते म्हणाले. “ती सांगायला लागली.” दुसऱ्यांदा फिरवला. कान वळले, पाठ थरथरली. “आता मोठ्यानं सांगते आहे.”

तिसऱ्यांदा हात गेला, आणि सगळं कालच्यासारखं झालं. दोन पंजे, दात, मागच्या पायांच्या लाथा, खसाखसा, चामड्यावर. सकवारबाईंनी वसुमतीचा खांदा इतका दाबला की ती कळवळली. शिवाप्पांनी मात्र हात ओढला नाही. नुसता तिथंच सैल ठेवला, मेल्यासारखा. लाथा थांबल्या. दात सुटले. मांजरीनं मोजा एकदा चाटला, उठली, आणि बाजूला जाऊन खांदा चाटत बसली, जसं काही तिच्या हातून घडलंच नव्हतं.

“पाठीवर पडलेलं मांजर हरलेलं नसतं अम्मा,” शिवाप्पा म्हणाले. “पाठीवर असलं की चारी पाय मोकळे, तोंड मोकळं. उंदीर असाच धरतात, आपापसात कुस्ती अशीच खेळतात. पोटावर काही आलं की ते हात आहे की तोंड, हा विचार नंतर, आधी धरायचं. आणि धरल्यावर जे ओढतं ते शिकार, म्हणून आणखी घट्ट. कालच्या रेघा लांब आहेत, म्हणजे हिनं हात ओढला असणार.” मोजे काढत ते वसुमतीकडं वळले. “आता खरं सांग बाळ. काल तू हिच्या पोटाला हात लावला होतास?”

अंगणात नळ टपटपत होता. सकवारबाईंना तो आवाज येसाजीच्या गोठ्यातला वाटला.

वसुमतीनं वर पाहिलं नाही. “अत्तेंनी काल सांगितलंच आहे,” ती म्हणाली.

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. सासूनं सांगितलं ते सांगितलं, आता सून त्याखाली बसणार, चौदा सुया खाणार, पाय लुळे पडले तर पाडून घेणार, पण सासूला दोन माणसांत खोटं पाडणार नाही. सकवारबाईंनी तिला हेच तर शिकवलं होतं. दोन वर्षं घोटून घेतलं होतं. आणि ती ते नीट शिकली होती.

शिवाप्पा म्हणाले, मला कुणाचं भांडण सोडवायचं नाही. पण मी जो कागद लिहीन तो डॉक्टरीणबाई वाचणार. कुणी हात न लावता चावली असेल तर मी आत्ताच सांगतो, कागदाची वाट बघू नका, जटका बोलवा आणि सुई द्या. हात पोटावर असताना चावली असेल, तर हे मांजराचं वागणं आहे, रोगाचं नाही. मग दहा दिवस नजर ठेवायची. विष थुंकीत उतरतं ते जनावर आजारी दिसायच्या चार-सहा दिवस आधी. दहाव्या दिवशी हे ठणठणीत असलं, तर चावलं त्या दिवशी याच्या तोंडात विष नव्हतं. “पण मला खरं पाहिजे. कारण चूक झाली तर ती माझ्या कागदावर नाही, हिच्या अंगावर होईल.”

सकवारबाईंना दोन्ही बाजूंनी भीती वाटली. खोटं तसंच ठेवलं तर सुया. खरं सांगितलं आणि मांजरी उद्या लाळ गाळायला लागली तर? मग सुई लांबवली कुणी? मीच. हात फिरव म्हणणारी मी, सुई थांबवणारी मी. बोलणाऱ्याच्याच गळ्यात दोर पडतो, म्हणून शहाणी माणसं गप्प बसतात. पण गप्प बसणारी आज त्यांच्या समोर पाटावर बसलेली होती, पट्टी बांधलेला हात पोटावर धरून.

“मी सांगितलं,” त्या म्हणाल्या.

सयाजीनं वळून पाहिलं.

“काय सांगितलंत?” शिवाप्पांनी विचारलं.

“हात फिरव म्हणून. माझ्या माहेरची रीत आहे. ती नको म्हणत होती. दोनदा फिरवून थांबली होती. मी म्हटलं, तीनदा.” आवाज फाटायला लागला तशा त्या जास्तच ताठ झाल्या. “डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. लिहा कागदावर. सकवारबाई खोटं बोलली, असं लिहा हवं तर.”

शिवाप्पा म्हणाले, तेवढी जागा नाही अम्मा कागदावर. आणि त्यांनी पायरीवर बसून लिहिलं.

दहाच्या आत तिघं रत्नाबाईंकडं होती. त्यांनी कागद वाचला, वसुमतीची जखम परत पाहिली, आणि सुया थांबवल्या. पण पक्क्या अटी घातल्या: रोज मांजरी बघायची, जरा वेगळी वाटली, दडली, खाणं सोडलं, पाय ओढला, तर त्याच घटकेला सुई, मग दिवस असो की रात्र. सकवारबाईंकडं त्यांनी नुसतं पाहिलं. काही बोलल्या नाहीत. सकवारबाईंना वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं.

ते दहा दिवस त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मांजरी न्हाणीघरात, आणि घरची माणसं आंघोळीला परसात, पडदा लावून. सकवारबाई पहाटे उठून फटीला डोळा लावत. ती चालली की पाय मोजत. म्याव केलं की आवाज मनात कालच्या आवाजाशी लावून बघत. वसुमतीला त्यांनी विचारलं नाही, पण ती पाणी पिताना त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत, आणि घोट उतरला की परत जात. तिच्या हे लक्षात आलं होतं. म्हणून ती हल्ली त्यांना दिसेल असं बसून पाणी प्यायची, मोठे घोट घेऊन.

पाचव्या दिवशी मांजरीनं भाकरीला तोंड लावलं नाही. दूधही तसंच. सकवारबाईंनी सयाजीला कारखान्यात निरोप पाठवला, वसुमतीला लुगडं बदलायला सांगितलं, आणि जटका येईपर्यंत त्या न्हाणीघराच्या दाराशी बसल्या, फळीला पाठ लावून, जशा कधी गोठ्याच्या दाराशी बसल्या होत्या. आतून कुरकुर आवाज येत होता, काहीतरी ओढल्याचा. मागचे पाय ओढत चालतं, असं शिवाप्पा म्हणाले होते. उठून बघायचं धाडस त्यांना होईना.

वसुमतीनंच येऊन फळी सारली. तिनं आत डोकावलं आणि म्हणाली, “अत्ते, उंदीर.”

मोरीच्या भोकातून आलेला उंदीर, शेतातला, चांगला वीतभर. सुभेदारणीनं अर्धा खाल्ला होता आणि उरलेला दारापर्यंत ओढत आणला होता, दाखवायला. सकवारबाईंनी तोंडावर पदर घेतला. सुनेला वाटलं किळस आली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि सकवारबाईंनी तिच्याच हातून तो घेतला आणि अख्खा प्यायल्या.

अकराव्या दिवशी सकाळी शिवाप्पा आले. त्यांनी मांजरीला चालवलं, तोंड उघडून पाहिलं, हाक मारून जवळ बोलावलं, खाऊ घातलं. म्हणाले, ही तुमच्या-माझ्याहून धडधाकट आहे. न्हाणीघराचं दार उघडं टाकलं. सुभेदारीण बाहेर आली, अंगणात उन्हात थांबली, आळस दिला, आणि काय मनात आलं कोण जाणे, सकवारबाईंच्या पायाशी येऊन धपकन उताणी पडली. चारी पाय वर.

सकवारबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या पायाशी मांजरी अशी पडली ती एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हात खाली गेला होता, तो त्यांनी मागं घेतला आणि पदराला पुसला.

“पड,” त्या म्हणाल्या. “मी नाही लावत.”

दुपारी रत्नाबाईंकडं कागद दाखवायचा होता. त्यांनी तो वाचून फाईलला लावला, जखमेच्या पुसट रेघा बघितल्या आणि सुयांची नोंद खोडून टाकली. मग पोटाला नळी लावली, ऐकलं, आणि सवयीनं विचारलं, बाळ हलतं का नीट?

सयाजी आईकडं बघायला लागला. रत्नाबाईही. सकवारबाईंचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. खुर्चीचा हात धरला. आणि आपल्या सुनेकडं असं बघितलं, की रागावल्या आहेत असं परक्याला वाटावं.

“तिला विचारा,” त्या म्हणाल्या.

वसुमतीला उत्तर द्यायला वेळ लागला. एवढ्या दिवसांत तिला कुणी विचारलंच नव्हतं, तेव्हा शब्द गोळा करावे लागले. मग ती म्हणाली, की हलतं. सकाळी जास्त हलतं. आणि परवा, मांजरी पाणी पीत होती तेव्हा, पहिल्यांदा एवढ्या जोरात लाथ मारली की तिला वाटलं, आतूनसुद्धा कुणीतरी मांजरीसारखं हात धरून बसलं आहे.

सकवारबाईंनी हे ऐकून घेतलं. मध्ये बोलल्या नाहीत. हे त्यांना ठाऊक नव्हतं.